डार्लिंग्टन जोडी: गेन, इनपुट रेझिस्टन्स आणि दोन ड्रॉपची बेरीज, एकाच जोडणीवर मोजून

डार्लिंग्टन जोडी कागदावर सोपी वाटते. दोन ट्रान्झिस्टर घ्यायचे, दोघांच्या बीटांचा गुणाकार करायचा, 0.7 दुप्पट करून 1.4 व्होल्ट लिहायचे आणि इनपुट रेझिस्टन्स "खूप मोठा" म्हणून सोडून द्यायचा. मग सर्किट जुळवल्यावर गेन 40,000 ऐवजी 30,000 निघतो, ड्रॉप 1.4 ऐवजी 1.26 येतो आणि तो खूप मोठा इनपुट रेझिस्टन्स मोजायला गेलं की भलतंच काहीतरी दिसतं. यात ट्रान्झिस्टरचा दोष नसतो. हिशेबाचा क्रम उलटा झालेला असतो आणि मीटर चुकीच्या जागी टेकवलेला असतो.

इथे एकच सर्किट घेऊन शेवटपर्यंत नेलं आहे: दोन बीसी 547, एमिटर फॉलोअर, 12 व्होल्ट सप्लाय. आकडे याच सर्किटचे आहेत. तुमचे ट्रान्झिस्टर वेगळ्या बीटाचे असतील, त्यामुळे आकडे थोडे हलतील. पायऱ्यांचा क्रम मात्र हलवू नका.

## 1. तयारी

लागणारं सामान: बीसी 547बी दोन, 470 ओहमचा एक रेझिस्टर, 10 किलोओहमचे दोन, 1 मेगओहमचा एक, ब्रेडबोर्ड, 12 व्होल्टचा स्थिर सप्लाय आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. अशा बहुतेक मीटरचा डीसी व्होल्टेज रेंजवरचा स्वतःचा रेझिस्टन्स 10 मेगओहम असतो. हा आकडा आत्ताच लक्षात ठेवा, पाचव्या टप्प्यात तोच गोंधळ घालणार आहे.

470 ओहम आणि 1 मेगओहम हे दोन्ही रेझिस्टर सर्किटमध्ये बसवण्याआधी मोजून त्यांची खरी किंमत लिहून ठेवा. पुढचे सगळे हिशेब या दोन आकड्यांवर उभे आहेत. इथे पाच टक्क्यांची चूक राहिली तर ती थेट उत्तरात उतरते.

ट्रान्झिस्टरच्या पायांकडे नीट बघा. बीसी 547ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. 2एन3904 घेतलात तर हाच क्रम उलटा, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर. दोन्हींत बेस मधेच असल्यामुळे ट्रान्झिस्टर उलटा बसला तरी सर्किट पूर्ण बंद पडत नाही. उलट्या दिशेनेही ट्रान्झिस्टर थोडंफार काम करतो, फक्त त्याचा बीटा अगदी किरकोळ असतो. म्हणून "चालतंय, पण गेन येत नाही" अशी तक्रार असेल तर आधी पाय तपासा.

सावधान: मल्टिमीटरच्या `hFE` सॉकेटमध्ये मिळणारा आकडा दोन्ही ट्रान्झिस्टरना सरसकट लावू नका. हा सॉकेट स्वतःच्या ठरलेल्या करंटवर मोजतो. तुमच्या जोडीतला पहिला ट्रान्झिस्टर त्याहून बऱ्याच कमी करंटवर चालणार आहे.

## 2. जोडणी, मागून पुढे

जोडताना शेवटच्या ट्रान्झिस्टरपासून सुरुवात करा. दुसऱ्याचा एमिटर 470 ओहममधून ग्राउंडला. दुसऱ्याचा कलेक्टर थेट 12 व्होल्टला. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, आणि त्या सांध्याला दुसरं काहीही नाही. पहिल्याचा कलेक्टरही 12 व्होल्टला. दोन 10 किलोओहम एकावर एक लावून 12 व्होल्टचे 6 व्होल्ट करा आणि तो मधला बिंदू पहिल्याच्या बेसला द्या.

आउटपुट म्हणजे दुसऱ्याचा एमिटर, 470 ओहमच्या वरचं टोक.

तपासणी: सप्लाय दिल्यावर आउटपुटला 4.6 ते 4.9 व्होल्टच्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. साधारण 5 ते 5.1 दिसलं तर इनपुट चुकून दुसऱ्याच्या बेसवर गेलं आहे, म्हणजे फक्त एकच ट्रान्झिस्टर कामात आहे. शून्य दिसलं तर दोन ट्रान्झिस्टरमधला सांधा सुटलेला आहे. आउटपुट नीट दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## 3. आधी ड्रॉप मोजा

गेनचा हिशेब आधी आणि ड्रॉपचा नंतर, ही नेहमीची चूक. उलट करा. ड्रॉप कळला की आउटपुटचं व्होल्टेज कळतं, त्यावरून करंट, आणि करंट कळल्याशिवाय कोणता बीटा घ्यायचा ते ठरत नाही.

दोन ड्रॉपची बेरीज का होते, हे सूत्रापेक्षा वाटेवरून जास्त स्पष्ट दिसतं. इनपुटकडून ग्राउंडकडे जाणाऱ्या करंटला एकच वाट आहे: पहिल्याचा बेस, पहिल्याचा एमिटर, तिथून दुसऱ्याचा बेस, दुसऱ्याचा एमिटर, मग रेझिस्टर. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना एका मागोमाग दोन उंबरठे ओलांडावे लागतात, तशी ही दोन जंक्शन एकापुढे एक आहेत. पहिल्याचा एमिटर ग्राउंडला जोडलेला नाही, तो दुसऱ्याच्या बेसवर बसला आहे. दुसऱ्याचा बेस त्याच्या एमिटरपेक्षा एका ड्रॉपने वर, आणि पहिल्याचा बेस त्याहूनही एका ड्रॉपने वर.

```
V_in = V_BE1 + V_BE2 + V_out
```

गेनचा गुणाकार होतो आणि ड्रॉपची बेरीज, याने पुष्कळ जण गोंधळतात. गुणाकार होतो कारण पहिल्याचा संपूर्ण एमिटर करंट हाच दुसऱ्याचा बेस करंट असतो, म्हणजे वाढलेलं पुन्हा वाढतं. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र वाढवण्यासारखं काही घडत नाही. प्रत्येक जंक्शन उघडं राहण्यासाठी आपापला वाटा घेतं आणि वाटे एकाखाली एक लागतात.

आता 1.4चं बघू. आउटपुटला 4.7 व्होल्टच्या आसपास आहेत, म्हणजे 470 ओहममधून 10 मिलिअँपिअर वाहतात. 10 मिलिअँपिअरला बीसी 547चा ड्रॉप जवळपास 0.70 व्होल्ट. हा दुसऱ्याचा. पहिल्यातून वाहतो तो फक्त दुसऱ्याचा बेस करंट, साधारण 50 मायक्रोअँपिअर, म्हणजे दोनशे पटींनी कमी. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला करंट दहा पटींनी कमी झाला की ड्रॉप सुमारे 60 मिलिव्होल्टने उतरतो. दोनशे पटींना हा उतार 140 मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणून पहिल्याचा ड्रॉप 0.56.

```
V_BE1 + V_BE2 = 0.56 + 0.70 = 1.26 V
V_out = 6.00 - 1.26 = 4.74 V
```

दोन्ही ड्रॉप मीटरने वेगवेगळे मोजा. बेस आणि एमिटरवर थेट टेकवून मोजलं तरी इथे चालतं, कारण इनपुट 10 किलोओहमच्या जोडीतून येतं आणि मीटर ओढेल तो करंट तिला जाणवत नाही. दोन आकडे सारखे आले तर शंका घ्या. सारखे येण्याचं कारणच नाही.

तपासणी: दोन्ही ट्रान्झिस्टर चिमटीत धरून अर्धा मिनिट थांबा आणि आउटपुट बघत राहा. व्होल्टेज हळूहळू वर सरकतं. प्रत्येक जंक्शनचा ड्रॉप एका अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतो आणि जोडीत ही घटही बेरजेनेच येते: अंशाला 4 मिलिव्होल्ट. बोटांच्या उबेने पाच अंश वाढले तर आउटपुट 20 मिलिव्होल्ट चढेल. हात काढल्यावर ते परत उतरतं. दोन ड्रॉप एकाच वाटेवर आहेत, याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

## 4. गेनचा हिशेब, एकेका करंटच्या मागे जात

सूत्र पाठ करण्याऐवजी करंटचा माग काढा. पहिल्याच्या बेसमध्ये `I_B` गेला. त्याच्या कलेक्टरमध्ये त्याच्या β1 पट करंट. एमिटरमधून दोन्ही मिळून (β1+1) पट बाहेर पडतो आणि तो अख्खाच दुसऱ्याच्या बेसमध्ये शिरतो. दुसऱ्याचा कलेक्टर त्याला β2 पट करतो. दोन्ही कलेक्टर करंट मिळून:

```
I_C / I_B = β1 + β2(β1 + 1) = β1·β2 + β1 + β2
I_E / I_B = (β1 + 1)(β2 + 1)
```

गुणाकाराच्या मागचे दोन छोटे बीटा सोडले तरी एखाद्या टक्क्याचाच फरक पडतो. मोठी चूक तिथे होत नाही, ती β1 निवडताना होते. बीसी 547बीच्या डेटाशीटमध्ये 200 ते 450 हा बीटा 2 मिलिअँपिअरसाठी दिलेला असतो. त्याच तक्त्यात 10 मायक्रोअँपिअरला नमुन्याचा बीटा 150 आहे. आपला पहिला ट्रान्झिस्टर 50 मायक्रोअँपिअरवर, म्हणजे या दोन टोकांच्या मधे, पण खालच्या टोकाला जवळ. इथे त्याला 150 आणि दुसऱ्याला 200 धरू.

```
I_E / I_B = 151 × 201 = 30351
```

दोघांना 200 धरून काढलेले 40,000 इथेच गळतात. लोडचा करंट जितका कमी, तितका पहिला ट्रान्झिस्टर आणखी उपाशी आणि त्याचा बीटा आणखी खाली. त्यामुळे "या जोडीचा गेन इतका" असं करंट न सांगता लिहिलेलं वाक्य अर्धवटच म्हणायला हवं.

## 5. मोजणी: 1 मेगओहमची युक्ती

10 मिलिअँपिअरला तीस हजारांनी भागलं की बेस करंट येतो 0.33 मायक्रोअँपिअर. साध्या मीटरच्या करंट रेंजवर तो भरवशाने वाचता येत नाही. म्हणून बेसच्या वाटेत 1 मेगओहम घालायचा आणि त्यावर किती व्होल्टेज पडतं ते बघायचं.

अडखळायला होतं ते इथे. मुलं मीटर थेट बेसवर टेकवतात. बेसला हवेत 0.3 मायक्रोअँपिअर, आणि 10 मेगओहमचा मीटर तिथे 5 व्होल्टला एकटाच 0.5 ओढतो. ट्रान्झिस्टरपेक्षा मीटरच मोठा लोड झाला. खरं व्होल्टेज 5.69 असताना मीटर 5.2 दाखवतो आणि आउटपुटही अर्ध्या व्होल्टने खाली येतं. हे स्वतः बघायचं असेल तर दोन मीटर घ्या: एक आउटपुटला कायम जोडून ठेवा, दुसरा बेसला लावा आणि काढा. आउटपुटचा आकडा प्रत्येक वेळी उडी मारताना दिसेल.

म्हणून बेसला हात लावायचा नाही. सगळं आउटपुटवर वाचायचं, तिथे मीटरचा भार जाणवत नाही.

1. 6 व्होल्ट बेसला थेट द्या आणि आउटपुट लिहून घ्या. आपल्याकडे 4.74.
2. मधे 1 मेगओहम घाला. आउटपुट पुन्हा लिहा. आपल्याकडे 4.43.
3. वजाबाकी करा: 0.31 व्होल्ट. दोन ड्रॉप एवढ्याशा बदलाने जेमतेम तीन-चार मिलिव्होल्ट हलतात, म्हणून आउटपुट जितकं उतरलं तितकंच बेस उतरला असं धरायला हरकत नाही. तेवढंच व्होल्टेज 1 मेगओहमवर पडलं.

```
I_B  = 0.31 V / 1 MΩ    = 0.31 µA
I_E  = 4.43 V / 470 Ω   = 9.43 mA
गेन  = 9.43 mA / 0.31 µA ≈ 30400
```

सावधान: 1 मेगओहमच्या बेसकडच्या टोकाला किंवा पायाला बोट लागलं की मोजणी गेली. फ्लक्सचे डाग, ओलसर पीसीबी, घामाचा थर, या सगळ्याला इतका छोटा करंट बळी पडतो. सोल्डर केलेल्या बोर्डावर मोजत असाल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

तपासणी: वजाबाकी 0.05 व्होल्टपेक्षा कमी आली तर 1 मेगओहमला समांतर काहीतरी वाट आहे, बहुधा जुनी वायर काढायची राहिली. 2 व्होल्टपेक्षा जास्त आली तर पहिला ट्रान्झिस्टर उलटा आहे का ते बघा.

## 6. त्याच दोन आकड्यांतून इनपुट रेझिस्टन्स

बेसमध्ये शिरून बघितलं तर 470 ओहम तीस हजार पटींनी मोठा दिसतो. कारण सरळ आहे: बेसला 1 व्होल्टने उचललं की एमिटरही जवळजवळ 1 व्होल्टने वर जातो, 470 ओहममधला करंट त्या प्रमाणात वाढतो, पण त्या वाढीतला फक्त तीस हजारावा हिस्सा बेसकडून मागितला जातो. बाकीचा सप्लाय देतो. यात प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जंक्शनचा सिग्नलला दिसणारा स्वतःचा रेझिस्टन्स, म्हणजे `rπ`, तेवढा मिळवायचा.

```
R_in = rπ1 + (β1 + 1)·[ rπ2 + (β2 + 1)·R_E ]
rπ2  = 200 × 26 mV / 10 mA  = 520 Ω
rπ1  = 150 × 26 mV / 50 µA  = 78 kΩ
R_in = 78 k + 151 × (520 + 201 × 470) ≈ 14.4 MΩ
```

मोजणीतून हेच ताडून बघा: 4.43 व्होल्ट भागिले 0.31 मायक्रोअँपिअर, 14.3 मेगओहम. `rπ` वाले दोन्ही तुकडे मिळून एक टक्क्याच्या आसपास आहेत, म्हणून घाईत असाल तर फक्त `(β1+1)(β2+1)·R_E` पुरतं. मात्र आउटपुटला लोड जोडणार असाल तर `R_E` म्हणजे 470 ओहम आणि तो लोड समांतर, हे विसरू नका. 470 ओहमचा आणखी एक लोड लागला की इनपुट रेझिस्टन्स निम्मा.

## 7. कमावलेला रेझिस्टन्स बायसमध्ये घालवू नका

आतापर्यंत 6 व्होल्ट थेट दिले होते. खरा सिग्नल कपॅसिटरमधून येतो आणि बेसला बायस वेगळा द्यावा लागतो. तो देणारे दोन रेझिस्टर सिग्नलच्या दृष्टीने इनपुटला समांतर बसतात. दोन 100 किलोओहम लावले की समांतर 50 किलोओहम, आणि 14 मेगओहम त्यापुढे नसल्यासारखेच.

वाद्याला चिकटवलेली पिझो चकती घ्या. 27 मिलिमीटरच्या चकतीची कपॅसिटन्स साधारण 20 नॅनोफॅरड असते. 50 किलोओहमवर ती 160 हर्ट्झच्या खालचा आवाज कापायला लागते, म्हणजे खर्जाचा भराव जातो आणि उरतो पातळ, चिरका आवाज. दोन 1 मेगओहम लावून समांतर 500 किलोओहम केले तर हीच सीमा 16 हर्ट्झवर जाते. पिझोसाठी एवढं पुरतं.

त्याहून जास्त हवं असेल तर रेझिस्टर आणखी मोठे करत बसू नका, बूटस्ट्रॅप करा. दोन 10 किलोओहमचा मधला बिंदू तसाच ठेवा, तिथून 100 किलोओहममधून बेसला जा, आणि आउटपुटपासून त्या मधल्या बिंदूला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मधला बिंदू 6 व्होल्टवर आणि आउटपुट 4.74वर, म्हणून कपॅसिटरची धन बाजू मधल्या बिंदूकडे. आता सिग्नलबरोबर 100 किलोओहमची दोन्ही टोकं जवळजवळ सारखीच हलतात, त्यामुळे त्यातून करंट फारसा वाहतच नाही आणि तो ऐंशी-नव्वद पटींनी मोठा भासतो. एकूण इनपुट रेझिस्टन्स पाच मेगओहमच्या आसपास राहतो.

## 8. बेस-एमिटरवरचा रेझिस्टर आणि तयार डार्लिंग्टन

दुसऱ्याच्या बेस-एमिटरवर एक रेझिस्टर लावायची पद्धत आहे. पहिल्याची गळती दुसऱ्याने वाढवू नये आणि बंद होताना दुसऱ्याच्या बेसमधला साठलेला चार्ज निघून जावा, म्हणून. स्विचसाठी तो लावायलाच हवा. आपल्या फॉलोअरमध्ये त्याची किंमत काय पडते ते बघा.

10 किलोओहम लावला. त्यावर दुसऱ्याचा ड्रॉप, म्हणजे 0.70 व्होल्ट, कायम उभा. म्हणजे 70 मायक्रोअँपिअर तिथून निघून जातात, दुसऱ्याच्या स्वतःच्या बेस करंटपेक्षाही जास्त. पहिल्याला आता 50 ऐवजी 120 पुरवावे लागतात आणि डीसी गेन साडेबारा हजारांवर येतो. पाचव्या टप्प्याची मोजणी पुन्हा करा, 0.31 ऐवजी सुमारे पाऊण व्होल्टची घट दिसेल.

पण यावरून इनपुट रेझिस्टन्स काढलात तर फसाल. भागाकार करून 5 मेगओहमच्या जवळपास येतात आणि ते खरे नाहीत. हे 70 मायक्रोअँपिअर जवळपास स्थिर आहेत, सिग्नलबरोबर हलत नाहीत. सिग्नलला दिसणारा रेझिस्टन्स फक्त पाचेक टक्क्यांनी कमी होतो. खरा आकडा हवा असेल तर मोजणी 6 आणि 5 व्होल्ट अशी दोन इनपुटवर करा आणि बेस व्होल्टेजमधल्या फरकाला बेस करंटमधल्या फरकाने भागा.

टीआयपी 122 सारख्या तयार डार्लिंग्टनमध्ये हे रेझिस्टर आतच असतात: पहिल्यावर साधारण 8 किलोओहम, दुसऱ्यावर 120 ओहमच्या आसपास. 120 ओहमवर 0.7 व्होल्ट म्हणजे जवळपास 6 मिलिअँपिअर. आपल्या 10 मिलिअँपिअरच्या लोडमधला अर्ध्याहून जास्त करंट त्या रेझिस्टरमधूनच जाईल. वरच्या 8 किलोओहमसाठी इनपुटकडून आणखी 70-80 मायक्रोअँपिअर लागतात, आपल्या 0.33च्या दोनशेहून जास्त पट. डेटाशीटमधला 1000चा किमान गेन 3 अँपिअरसाठी आहे, मिलिअँपिअरसाठी नाही. मोटर, सोलेनॉइड, मोठा रिले यांच्यासाठी टीआयपी 122 उत्तम. पिझोच्या मागे तो लावू नका.

मोटरसाठी वापरताना दोन्ही ड्रॉप पुन्हा समोर येतात. बेस रेझिस्टर काढताना 5 व्होल्टमधून 0.7 नाही, तर किमान 1.4 वजा करा. 3 अँपिअरला टीआयपी 122चा बेस-एमिटर ड्रॉप 2.5 व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. कलेक्टरकडेही दुसरा ट्रान्झिस्टर पूर्ण दबत नाही. त्याचा बेस करंट पहिल्यातून येतो आणि पहिल्याचा कलेक्टर त्याच वायरवर आहे, म्हणून कलेक्टर-एमिटरवर दुसऱ्याचा ड्रॉप अधिक पहिल्याचं सॅच्युरेशन एवढं व्होल्टेज उरतंच. बीसी 547च्या जोडीत ते पाऊण व्होल्टच्या पुढे, आणि टीआयपी 122मध्ये 3 अँपिअरला 2 व्होल्टपर्यंत. म्हणजे ट्रान्झिस्टरवर 6 वॅट उष्णता. हीटसिंक निवडताना हाच आकडा घ्या.